अंगठ्याचे ९४ तास

यातले गृहस्थ म्हणजे कुणी एक व्यक्ती नव्हे. मधुमेह आणि गाऊट दोन्ही असलेल्यांच्या बाबतीत जे घडतं, ते इथे एका माणसाभोवती गुंफलं आहे. वय ५८, मधुमेह १४ वर्षांचा, गाऊटचे दोन झटके येऊन गेलेले. तास मोजले आहेत ते बुधवारी सकाळी ११ वाजता झालेल्या शस्त्रक्रियेपासून मागे.

९४ तास आधी, शनिवार दुपारी १. पुतणीचं लग्न. नवी चप्पल चावली आणि अंगठ्याच्या आतल्या बाजूला कातडी सोलवटली. मधुमेहाने पायाची संवेदना मंदावलेली, त्यामुळे त्यांना ते कळलंही नाही. रात्री मटणावर ताव मारला, पाणी मात्र बेताचंच प्यायले.

८१ तास आधी, रविवार पहाटे २. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या सांध्यात कळ उठून जाग आली. सांधा लाल, गरम, तट्ट फुगलेला. चादर टेकली तरी सहन होईना. गाऊट असाच येतो. रक्तातलं युरिक अॅसिड वाढलेलं असलं की सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक साचतात. पायाचं टोक शरीरातल्या थंड भागांपैकी एक असल्याने तिथे ते लवकर जमतात. ‘तेच परत आलं,’ हा त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. अपुरा होता.

७४ तास आधी, रविवार सकाळी ९. मागच्या झटक्यातल्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या कपाटात उरल्या होत्या. कुणालाही न विचारता त्या सुरू केल्या. गाऊटमध्ये हे औषध खरोखर उपयोगी पडतं. पण ते सूज उतरवतं, जंतू मारत नाही. उलट जंतूंशी लढणाऱ्या पेशींचा जोर कमी करतं आणि साखर वाढवतं. संध्याकाळपर्यंत ठणका कमी झाला, आणि त्यामुळेच पुढचा दीड दिवस हातचा गेला.

४९ तास आधी, सोमवार सकाळी १०. प्रयोगशाळेचा अहवाल आला: युरिक अॅसिड ८.१. घरात हायसं वाटलं. खरं तर या आकड्यावरून झटक्याचं निदान होत नाही. ऐन झटक्यात तो कित्येकांचा नॉर्मल येतो, आणि ज्यांचा वाढलेला असतो त्यांच्या सांध्यात जंतू शिरू शकत नाहीत असंही नाही. ताप, रक्तातल्या वाढलेल्या पांढऱ्या पेशी, वाढलेला सीआरपी हे दोन्ही आजारांत दिसतं.

पत्नीच्या नजरेला मात्र वेगळंच पडलं. “अहो, मागच्या वेळी दुसऱ्या दिवशी सूज उतरायला लागली होती. ही तर वर चढतेय.” त्या दिवशीची सर्वांत महत्त्वाची नोंद हीच होती. गाऊट काही तासांत शिगेला पोचतो, सहसा २४ तासांच्या आत, आणि औषधाने ओसरू लागतो. दुखणं कमी होऊनही लाली पसरत राहिली, तर आत दुसरं काही चाललं आहे असं धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

२९ तास आधी, मंगळवार सकाळी ६. थंडी वाजून ताप. साखर ४१२. लाली घोट्याकडे निघालेली, आणि सोलवटलेल्या जागेतून पू.

१९ तास आधी, मंगळवार दुपारी ४. रुग्णालयात अँटिबायोटिक देण्याआधी सांध्यात सुई घातली. आधी औषध दिलं असतं तर जंतू वाढवून बघण्याची तपासणी, म्हणजे कल्चर, फसण्याची भीती होती. एवढ्याशा सांध्यातून काही थेंबच आले, गढूळ. पण तेवढे पुरतात. ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली युरिक अॅसिडचे स्फटिक दिसले. इथे थांबून ‘गाऊट’ लिहून मोकळं होणं सोपं होतं. पॅथॉलॉजिस्ट थांबल्या नाहीत. ग्रॅमच्या रंगद्रव्याने रंगवलेल्या दुसऱ्या काचपट्टीवर द्राक्षांच्या घोसासारखे गोल जंतू होते. दोन्ही आजार एकाच सांध्यात. आणि ही पट्टी कोरी निघाली असती, तरी संसर्ग नाही असं म्हणता आलं नसतं. बऱ्याच रुग्णांत जंतू कल्चरमध्येच सापडतात.

निरोगी माणसाला नेहमीसारखा झटका आला, तर अनेकदा सुई न घालता उपचार करतात आणि ते ठीकही असतं. मधुमेह, पायावर जखम आणि औषधाला दाद न देणारी लाली असताना मात्र ती सूट घेऊ नये.

१४ तास आधी, मंगळवार रात्री ९. शिरेतून अँटिबायोटिक चालू होतं, साखरेसाठी इन्शुलिन. सांधा उघडून धुतला. कूर्चा खरवडल्यासारखी झालेली. जंतू आणि पुवातली विकरं मिळून ती काही दिवसांत खातात.

शून्य तास, बुधवार सकाळी ११. पू तळव्यात उतरला होता, अंगठा काळवंडला होता. सर्जननी अंगठा आणि त्यामागच्या हाडाचं टोक काढलं.

गुरुवारी कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस आला आणि त्यानुसार अँटिबायोटिक बदललं. युरिक अॅसिड कमी ठेवणारी रोजची गोळी पुढच्या भेटीत ठरणार आहे. ती दुसऱ्या झटक्यानंतरच सुरू व्हायला हवी होती.