रेटिंगची जमीननिहाय दुरुस्ती (घोड्यांच्या शर्यती)

घोड्याच्या मागच्या धावांपैकी ज्या आजच्यासारख्याच ओल्या किंवा कडक जमिनीवर झाल्या, त्यांच्या आधारे त्याचे रेटिंग त्या दिवसापुरते वर-खाली करण्याची ही पद्धत आहे. रेटिंग म्हणजे घोड्याच्या कुवतीचा आकडा. पश्चिम भारतातल्या हँडिकॅप शर्यतींत त्याचा एक अंक अर्ध्या किलोच्या वजनाइतका धरला जातो. हे रेटिंग सगळ्या प्रकारच्या जमिनीवरच्या धावांतून तयार होते, पण शर्यत मात्र त्या दिवशीच्या एकाच जमिनीवर होते. म्हणून दुरुस्ती लागतेच. प्रश्न असतो तो किती करायची हा. या नोंदीचे म्हणणे असे की बहुतेक वेळा ती वाटते त्यापेक्षा पुष्कळ लहान असायला हवी, आणि ती किती लहान ठेवायची हे अंदाजावर न सोडता हिशेबाने ठरवता येते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक खास वळण आहे. राज्यातली दोन मैदाने, पुण्याचे १८३० सालचे आणि मुंबईतील महालक्ष्मीचे १८८३ सालचे, रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या हाती आहेत. पुण्याचा हंगाम साधारण जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे ऐन पावसात चालतो. मुंबईचा नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे कोरड्या दिवसांत. घोडे बहुतांशी तेच. त्यामुळे एकाच घोड्याच्या कारकिर्दीत ओल्या आणि कडक जमिनीवरच्या धावा आपोआप दोन ढिगांत पडतात. अभ्यासकाला ही सोय वाटते, पण तिच्यात एक मोठी फसगत दडलेली आहे. ती पुढे येईल.

जमीन घोड्याला का खटकते, हे आधी पाहिले पाहिजे. कडक जमीन टापेचा जोर परत देते. लांब, जमिनीलगतची ढांग टाकणारा घोडा तिच्यावर खुलतो, पण पायाच्या सांध्यांना आणि स्नायुबंधांना तिचा मार बसतो. ओल्या जमिनीत टाप रुतते, दर पावलाला ती उपसून काढावी लागते आणि दमाचा खर्च वाढतो. गुडघा उंच उचलून धावणारे, ताकदीचे घोडे इथे कमी हरतात. मात्र ‘ओली’ हा एकच प्रकार नव्हे. सोलापूरच्या काळ्या रानात भर पावसात चालणे एक वेळ जमते, पण दोन दिवसांच्या उघडिपीनंतर तीच माती पायाला गोळ्यागोळ्यांनी चिकटते. धावपट्टीवरही पाणी साचलेली सैल जमीन टाप सहज सोडते, तर वाळत आलेली चिकट जमीन ती धरून ठेवते. पहिल्या प्रकारावर जिंकलेला घोडा दुसऱ्यावर अडखळला, तर त्यात विसंगती काहीच नाही.

मोजमापाची पहिली अडचण इथूनच सुरू होते. जमिनीची ओल मोजायला पेनेट्रोमीटर वापरतात. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून टाकायचे आणि कांडी मातीत किती शिरली ते पाहायचे. आकडा मोठा तितकी जमीन मऊ. हे साधन जमीन किती आत घेते ते सांगते, किती धरून ठेवते ते सांगत नाही. ब्रिटनमध्ये वापरली जाणारी गोइंगस्टिक कांडी खुपसण्याचा आणि ती तिरकी ओढण्याचा असे दोन्ही जोर मोजते. तिच्यावर मोठा आकडा म्हणजे कडक जमीन, हे तुलना करताना विसरू नये. शिवाय सकाळचा आकडा दुपारच्या सरीनंतर शिळा होतो, आणि हंगाम पुढे सरकतो तशी आतल्या कठड्यालगतची पट्टी टापांनी उखणली जाते, तेव्हा एकाच शर्यतीत आतून आणि बाहेरून धावलेले घोडे वेगवेगळ्या जमिनीवर धावलेले असतात.

म्हणून जाहीर आकड्यावर थांबू नये, घड्याळाला विचारावे. समजा, १६०० मीटरसाठी एका वर्गाच्या घोड्यांची पुण्यातली नेहमीची वेळ १ मिनिट ३८ सेकंद आहे आणि आज त्याच वर्गाने १ मिनिट ४२ सेकंद घेतले. चार सेकंदांचा फरक आठ भागांत वाटला, तर दर २०० मीटरला अर्धा सेकंद जास्त लागला. एकाच शर्यतीवरून मात्र निष्कर्ष काढू नये, कारण सुरुवातीला कुणीच वेग न घेतल्याने ती संथ झालेली असू शकते. दिवसभराच्या सगळ्या शर्यतींचे असे फरक काढून त्यांतला मधला घ्यावा. तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास आला, तर जाहीर आकडा काहीही असो, जमीन जड होती. मागच्या प्रत्येक धावेला असे एक माप चिकटवले की ‘सारखी जमीन’ म्हणजे काय हे ठरवता येते. ओली आणि कडक असे दोन कप्पे करण्यापेक्षा, आजच्या मापाच्या जितकी जवळ ती धाव तितके तिला जास्त वजन देणे बरे. खालचे उदाहरण सोपेपणासाठी दोनच कप्प्यांत मांडले आहे.

एक कल्पित घोडा घेऊ. कडक जमिनीवरच्या त्याच्या पाच धावांची, वाहिलेले वजन आणि अंतर जमेस धरून काढलेली रेटिंग ५०, ५३, ५१, ४९ आणि ५२ आहेत, सरासरी ५१. ओल्यावरच्या तीन धावांची ५७, ४६ आणि ५९, सरासरी ५४. आठही धावांची मिळून सरासरी ५२.१ येते. आजची शर्यत ओल्यावर आहे. भोळा हिशेब म्हणेल, घोडा ५४ चा धरा. पण एकच घोडा एकाच जमिनीवर दोनदा धावला तरी आकडा सारखा येत नाही. जॉकी, जागा, शर्यतीचा वेग, तब्येत, सगळे बदलते. हा चढउतार पाच अंकांचा धरू, आणि घोड्याघोड्यांतल्या जमिनीच्या खऱ्या आवडीनिवडीचा पसारा दोन अंकांचा. दोघांचे वर्ग २५ आणि ४. त्यांचे गुणोत्तर सव्वासहा. आता पुरावा किती आहे ते पाहू. तीन धावांची तुलना पाच धावांशी आहे, म्हणून तीन आणि पाच यांच्या गुणाकाराला बेरजेने भागायचे: १५ भागिले ८, म्हणजे सुमारे १.९. या १.९ ला १.९ अधिक ६.२५ ने भागले की ०.२३ मिळतात. दिसलेल्या तीन अंकांच्या फरकापैकी विश्वास ठेवण्याजोगा भाग एवढाच, म्हणजे ०.७ अंक.

तोही सरसकट मिळवायचा नाही. ५२.१ या सरासरीत तीन ओल्या धावा आधीच मिसळलेल्या आहेत. वर सगळा फरक टाकला तर त्या दोनदा मोजल्या जातात. आठपैकी पाच धावा कडकवरच्या, म्हणून ०.७ चा पाच-अष्टमांश, सुमारे ०.४, मिळवून ओल्यावरचा अंदाज ५२.५ च्या जवळ येतो. भोळ्या ५४ मध्ये आणि यात दीड अंकाचे, म्हणजे पाऊण किलोचे अंतर आहे. १६०० मीटरला ते ढोबळ मानाने एका लेंथला जाऊन भिडते, आणि हँडिकॅपमध्ये एका लेंथवर पहिला आणि चौथा ठरतो. ४६ च्या धावेचे काय, असा प्रश्न उरतो. ती अपवाद म्हणून फेकून देण्याचा मोह होतो, पण ५७ आणि ५९ ठेवून ४६ काढणे म्हणजे हवे ते उत्तर आधी ठरवणे. काढायची असेल तर घोडा लंगडल्यासारखे ठोस कारण हवे, आणि तीच कसोटी ५९ लाही लावायला हवी.

उलट ५९ कडेच अधिक संशयाने पाहावे. ओल्या जमिनीवर दमलेला घोडा हळू होत नाही, जवळजवळ थांबतो. त्यामुळे कुवतीत थोडाच फरक असला तरी अंतर फुगते. १६०० मीटरला एक लेंथ म्हणजे दीड अंक हा कोरड्या जमिनीवरचा हिशेब जड जमिनीला तसाच लावला, तर आठ लेंथने जिंकलेल्या घोड्याला १२ अंकांचे श्रेय मिळते. तिथे लेंथला सव्वा अंक धरला तर १० अंक येतात. ही सुधारणा रेटिंग काढतानाच केली नाही, तर ओल्यावर जिंकणारे सगळेच घोडे ‘ओल्याचे शौकीन’ ठरतात आणि हरणारे सगळे ‘कोरड्याचे’.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असा की इतकी काटछाट केली तर खरा चिखलवीर हातून निसटेल. तसा घोडा असतो, हे मान्यच. पण तो असेल तर त्याच्या धावा वाढतील तसा विश्वासाचा वाटाही वाढतो. दोन्ही जमिनींवर दहा-दहा धावा झाल्या तर पुराव्याचे माप पाच होते आणि वाटा ०.४४ वर जातो. उशीर होतो, हे खरे. पण ज्यांना तीन धावांवर चिखलवीर मानले गेले त्यांतले बहुतेक नंतर साधे घोडे निघतात, आणि त्यांची किंमतही मोजावी लागते. दुसरा आक्षेप वंशाचा आहे: बापाची बरीच पिल्ले ओल्यावर चांगली धावली असतील, तर या घोड्याला शून्यापासून का मोजायचे? हा आक्षेप रास्त आहे. अशा वेळी काटछाट शून्याकडे न करता त्या बापाच्या पिल्लांच्या सरासरी फरकाकडे करावी. ओल्यावर कधीच न धावलेल्या घोड्यासाठी तर तेवढाच आधार असतो. मात्र पिल्ले दहा-बारा असतील, तर तो आकडाही आधी त्याच रीतीने आखडून घ्यावा.

सर्वांत वजनदार आक्षेप पुणे-मुंबईच्या त्या सोयीवरच आहे. पुण्यातल्या ओल्या धावा आणि मुंबईतल्या कडक धावा यांतला फरक सगळा जमिनीचा नसतो. मैदान बदलते, वळणे आणि सरळ भाग बदलतो, हंगामाच्या तोंडाशी घोडा सुटीवरून आलेला असतो, आणि तरुण घोडा तर या मधल्या महिन्यांत वाढतच असतो. भारतात घोड्याचे वय १ जानेवारीला बदलते. ऑगस्टमध्ये पुण्यात तीन वर्षांचा असलेला घोडा फेब्रुवारीत महालक्ष्मीवर इंडियन डर्बी धावतो तेव्हा चार वर्षांचा असतो, आणि त्याची डिसेंबरनंतरची सुधारणा ‘कडक जमीन मानवली’ अशी वाचली जाते. उपाय हाच की तुलना एकाच मैदानाच्या पोटात करावी: पुण्यातले पावसाचे दिवस पुण्यातल्याच उघडिपीच्या दिवसांशी ताडून पाहावेत. उघडिपीचे असे दिवस हंगामात थोडे, म्हणून पुरावा पातळ होतो आणि हिशेबातला वाटा आणखी खाली येतो. मुंबईच्या धावा वापरायच्याच असतील, तर त्या महिन्यांत त्याच वयाच्या सगळ्या घोड्यांचे रेटिंग सरासरी किती वाढले ते काढून आधी वजा करावे. उरेल ते जमिनीचे असू शकते.

अधिकृत हँडिकॅपर ही दुरुस्ती करत नाही, यात त्याची चूक नाही. त्याला वजने शर्यतीच्या काही दिवस आधी ठरवायची असतात, तेव्हा पाऊस पडायचा असतो. पुण्यात ओल्यावर दोन शर्यती जिंकून रेटिंग चढलेला घोडा नोव्हेंबरात तेच ओझे घेऊन मुंबईत येतो, आणि ते खाली यायला काही हार पचवाव्या लागतात. दुरुस्ती करणाऱ्याचे काम या मधल्या काळात असते. त्यातही शर्यतीआधी आपला आकडा लिहून ठेवावा आणि नंतर तो बिनदुरुस्तीच्या रेटिंगशी ताडावा. हंगामभरात दुरुस्त आकड्यांची चूक मूळ रेटिंगपेक्षा कमी निघाली नाही, तर गृहीत धरलेला दोन अंकांचा पसारा जास्त होता असे समजून तो दीडवर आणावा आणि पुढचा हंगाम तसा मोजावा.