दोन मॅग्नेटो, दोन परीक्षा

आज आपण दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावर जाऊ. दिल्ली फ्लाइंग क्लब 1928 साली स्थापन झाला. त्या काळी क्लबांमधून शिकणारी मुलं मॉथ जातीच्या विमानांवर शिकत. त्यात बॅटरीच नसे. मग इंजिनात ठिणगी कुठून यायची? मॅग्नेटोतून. इंजिनच त्यातलं चुंबक फिरवतं आणि त्यातून वीज तयार होते. बाहेरच्या विजेची गरजच नाही.

पण हे यंत्र बंद पडलं तर इंजिनही बंद. म्हणून दोन मॅग्नेटो बसवले आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग दिले. चार सिलिंडर, आठ प्लग. यात आणखी एक फायदा झाला. दोन बाजूंनी आग लागली की मिश्रण लवकर जळतं. एकाच बाजूने लागली तर ज्वाळेला सगळा सिलिंडर ओलांडावा लागतो, दाब उशिरा वाढतो आणि ताकद थोडी घटते.

आता गंमत बघा. दोन्ही मॅग्नेटो सतत चालू असतात. त्यामुळे एक मेला तरी इंजिन फिरतच राहतं आणि वैमानिकाला पत्ताही लागत नाही. आधारच बिघाड झाकून टाकतो! म्हणून उड्डाणाआधी प्रत्येकाची वेगळी परीक्षा घ्यायची.

पुढे क्लबांत आलेल्या जुन्या सेसना 172 चं उदाहरण घेऊ. इंजिन मिनिटाला 1700 फेऱ्यांवर आणायचं आणि चावी एका मॅग्नेटोवर फिरवायची. समजा, काटा 1620 वर आला. 80 ची घट. चावी पुन्हा दोन्हींवर आणायची, मग दुसऱ्यावर. काटा 1600 वर. 100 ची घट. 125 पर्यंत चालते आणि दोन्हींतला फरक 50 च्या आत हवा. म्हणजे ठीक. घट जास्त झाली आणि इंजिन थरथरू लागलं, तर बहुधा एखादा प्लग काजळला आहे. इंजिन बंदच पडू लागलं, तर तो मॅग्नेटो मेलेला.

आणि काटा जराही हलला नाही तर? खूश होऊ नका. मॅग्नेटो बंद करताना त्याची वीज तारेने जमिनीला, म्हणजे इंजिनच्या धातूला जोडतात. ती तार तुटली तर चावी ‘बंद’ दाखवते, मॅग्नेटो मात्र जिवंतच असतो. मॉथच्या काळात माणूस हाताने पंखा फिरवत असे. म्हणून मॅग्नेटोचे स्विच कॉकपिटच्या बाहेर, त्याला दिसतील असे असत. पण तुटलेली तार स्विचवर दिसत नाही. आजही उभ्या विमानाचा पंखा हाताने हलवला तर इंजिन एकदम पेट घेऊन फिरू शकतं.

म्हणून थोडीशी घट ही चांगली खूण आहे. एक मॅग्नेटो खरोखर बंद झाला आणि दुसऱ्याने एकट्याने भार उचलला, एवढं ती सांगते.