पॅरासिटामॉल विषबाधा (बालकांतील)

तापावरचे पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर पोटात गेल्याने मुख्यतः यकृताला होणारी इजा. या औषधाचा थोडा भाग यकृतात विषारी घटकात बदलतो आणि ग्लुटाथायोन हे द्रव्य तो लगेच निष्प्रभ करते. मात्रा फार मोठी झाली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो व यकृताच्या पेशी मरू लागतात.

नेहमीची एक मात्रा मुलाच्या वजनाच्या दर किलोला 10 ते 15 मि.ग्रॅ. असते. सहा वर्षांखालील मूल एकदाच जास्त औषध प्यायले, तर किलोला 200 मि.ग्रॅ. ही धोक्याची पातळी धरतात. काही डॉक्टर सावधगिरीने 150 धरतात. हिशेबात बाटलीवरची तीव्रता निर्णायक ठरते. समजा उमरखेड तालुक्यातले 12 किलोचे मूल संध्याकाळी सात वाजता 60 मि.लि.ची पूर्ण बाटली प्यायले. सिरप 5 मि.लि.ला 125 मि.ग्रॅ.चे असेल तर पोटात 1500 मि.ग्रॅ. गेले, म्हणजे किलोला 125. तेच 250 मि.ग्रॅ.चे असेल तर किलोला 250, आणि दवाखाना अटळ. थेंबांचे औषध बहुधा मि.लि.ला 100 मि.ग्रॅ. असते, त्याच्या 15 मि.लि.च्या इवल्या बाटलीतही 1500 मि.ग्रॅ. भरतात. म्हणून रिकामी बाटली मुलाबरोबर दवाखान्यात नेलीच पाहिजे. किती सांडले हे नक्की नसेल तर सगळे पोटात गेले असे मानावे.

उतारा एन-ॲसिटिलसिस्टीन; तो ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरतो. आठ तासांच्या आत सुरू झाला तर यकृत जवळपास नेहमी वाचते, पुढे दर तासाला संरक्षण घटते. घात असा की पहिल्या दिवशी मूल थोडी मळमळ किंवा उलटी सोडल्यास ठणठणीत दिसते. यकृताची इजा रक्ततपासणीत साधारण दुसऱ्या दिवशी उमटते. मूल खेळते आहे म्हणून सकाळपर्यंत थांबणे हीच सर्वांत महाग चूक.

रक्तातली पातळी चार तासांनंतरच अर्थपूर्ण असते, म्हणजे वरच्या मुलात रात्री अकरापासून. चौथ्या तासाला ती मि.लि.ला 150 मायक्रोग्रॅम किंवा जास्त असल्यास उतारा देतात. आठ तासांची मुदत मात्र पहाटे तीनला संपते. उमरखेडहून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचा रात्रीचा प्रवासही त्यातच मोजावा लागतो. अहवाल त्याआधी मिळणार नसेल आणि हिशेब धोक्याच्या पातळीवर असेल, तर अहवालाची वाट न पाहता उतारा सुरू करतात. प्यायल्याची वेळ ठाऊक नसेल तर शक्य तितकी आधीची धरतात. उशीर झाला तरी उतारा टाळत नाहीत, फक्त त्याची हमी उरत नाही.

ताप उतरत नाही म्हणून दिवसभर थेंबांचे औषध चमच्याने पाजले गेल्यास हा चार तासांचा आडाखा लागू पडत नाही. 8 किलोच्या बाळाला असे चार चमचे म्हणजे 2000 मि.ग्रॅ., किलोला 250. तेथे चोवीस तासांची बेरीज, औषधाची पातळी आणि यकृताच्या चाचण्या एकत्र पाहून निर्णय घेतात.