पॉलिसीत ‘को-पे’ असेल तर घरच्यांना किती भरावे लागते?

आजोबांची पॉलिसी आहे, कॅशलेसही मंजूर झाले, तरी पुण्यातल्या हॉस्पिटलातून डिस्चार्ज घेताना काउंटरवर पैसे मागतात. घरचे गोंधळतात. ज्येष्ठांच्या बऱ्याच पॉलिसींत को-पेमेंटची अट असते, म्हणजे प्रत्येक क्लेममधला ठरलेला टक्का आपणच भरायचा.

समजा बिल झाले २ लाख रुपये आणि को-पे आहे २० टक्के. घरचे ४० हजारांची तयारी ठेवतात आणि इथेच चुकतात. कंपनी आधी हातमोजे, नोंदणी फी असा न मिळणारा खर्च वगळते. तो २० हजार धरला तर मान्य रक्कम उरते १ लाख ८० हजार. त्यावर २० टक्के म्हणजे ३६ हजार. कंपनी देणार १ लाख ४४ हजार, घरच्यांचे ५६ हजार.

कंपनीच्या मंजुरीपत्रात वजावट आणि को-पे वेगवेगळे लिहिलेले असतात, ते बघून घ्या. को-पे मान्य रकमेऐवजी पूर्ण बिलावर कापला असेल, तर कंपनीकडे लेखी तक्रार द्या. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्यातल्या विमा लोकपालाकडे फुकट दाद मागता येते.