कपाटाचा मॅग्नेट, टच लॅच आणि दाराचा टॉवर बोल्ट : निवड फटीवरून करावी

नव्या घराचे सुतारकाम संपत आले की हार्डवेअरच्या दुकानातून शेवटच्या फेरीत ज्या बारीकसारीक वस्तू आणल्या जातात, त्यांत मॅग्नेट, टच लॅच आणि टॉवर बोल्ट यांचा समावेश असतो. बिजागऱ्या, मुठी यांची निवड घरमालक चोखंदळपणे करतात. या तीन वस्तू मात्र बहुधा सुतारावर सोपविल्या जातात. पुढे वर्ष-सहा महिन्यांत कपाट आपोआप उघडे राहू लागते किंवा न्हाणीघराची कडी लागेनाशी होते, तेव्हा दोष वस्तूला दिला जातो. वास्तविक तिन्ही वस्तूंचे काम एकाच गोष्टीवर अवलंबून असते. दार आणि चौकट यांच्यातील फट किती आहे आणि ती वर्षभरात किती बदलते, हीच ती गोष्ट.

शिरूर आणि दौंड या गावांत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठचा बराच पट्टा काळ्या मातीचा आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया पुरेसा खोल, मुरमापर्यंत नेलेला नसेल, तर या हालचालीने भिंती व चौकटी किंचित तिरक्या होतात. त्यातच एप्रिल-मे महिन्यांच्या कोरड्या उन्हात लाकूड आटते आणि श्रावणात पुन्हा फुगते. म्हणजे मे महिन्यात नेमकी बसविलेली कडी ऑगस्टमध्ये अडते, ती बसविणाऱ्याचे काम नीट असले तरीही.

या तिघांत सर्वांत साधा मॅग्नेट. त्यात फेराइटचा चुंबक लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये बसविलेला असतो आणि दारावर एक लोखंडी चकती असते. चकती दोन्ही पट्ट्यांना एकाच वेळी टेकली, तरच त्याची पूर्ण पकड मिळते. मध्ये एखाद्या मिलिमीटरचे अंतर राहिले तरी ही पकड झपाट्याने घटते. तपासण्याची युक्ती सोपी आहे : चकती आणि मॅग्नेट यांच्यामध्ये वर्तमानपत्राची अरुंद पट्टी धरून दार लावावे व पट्टी ओढून पाहावी. ती सहज निघून आली तर चकती नीट टेकत नाही. अशा वेळी जास्त ताकदीचा मॅग्नेट आणण्याऐवजी, मॅग्नेटच्या लांबट भोकांतील स्क्रू सैल करून तो मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढे सरकवावा. चकतीचा स्क्रूही करकचून आवळू नये. ती किंचित हलती राहिली तर स्वतःच मॅग्नेटच्या पृष्ठभागाला जुळून बसते.

मॅग्नेट ओट्याखालच्या, पुस्तकांच्या किंवा देवघराच्या लहान कपाटाला उत्तम. वाकलेल्या दाराला मात्र तो उपाय नव्हे. सहा-सात फूट उंचीचे दार मध्ये बाहेर फुगले असेल, तर ते सतत बाहेर ओढ घेते आणि मॅग्नेट हळूहळू हार मानतो. बिजागरी स्प्रिंगची, म्हणजे दार स्वतःहून मिटणारी असेल, तर तेथे मॅग्नेटची गरजच नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर टच लॅचची निवड बहुतेकदा चुकते. टच लॅच दार दाबल्यावर ते बाहेर ढकलतो, त्यामुळे मुठीची गरज उरत नाही. परंतु स्वतःहून मिटणारी बिजागरी त्याच क्षणी दार आत ओढते. दोघांची ओढाताण होते आणि दार जागचे हलत नाही. टच लॅच घ्यायचा तर स्प्रिंग नसलेली, मोकळी बिजागरी आधी ठरवावी लागते.

त्याची दुसरी अट फटीची. दार दाबण्यासाठी त्याच्या मागे साधारण दोन ते तीन मिलिमीटर मोकळी जागा हवी. सुताराने दार कपाटाच्या कडेला अगदी चिकटून बसविले, तर दाबायला जागाच राहत नाही. सनमायका चिकटविल्यावर एक मिलिमीटर जाडी वाढते, हे मोजताना अनेकदा विसरले जाते. म्हणून लॅच सनमायका लावून झाल्यावरच बसवावा. दिवाणखान्यातील टीव्हीच्या खालच्या कपाटाला तो शोभतो. स्वयंपाकघरात मात्र आमचे मत प्रतिकूल आहे : तेलकट, ओल्या हातांनी दार दाबले जाते, त्या जागी डाग पडतो आणि लॅचच्या आत पीठ व धूळ साचून त्याची खटकी अडू लागते. घरात रांगते मूल असेल तर टच लॅचचे कपाट त्याच्यासाठी उघडेच समजावे, कारण नुसत्या धक्क्याने ते उघडते.

टॉवर बोल्टचे काम धरून ठेवण्याचे नसून अडविण्याचे आहे. भारतीय मानक आयएस २०४ मध्ये लोखंडी आणि अलोह धातूंचे टॉवर बोल्ट अशा दोन भागांत त्याचे तपशील दिलेले आहेत. न्हाणीघरासाठी लोखंडी बोल्ट घेऊ नये. पितळ, ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील यांपैकी काही घ्यावे, आणि स्क्रूही त्याच जातीचे घ्यावेत, अन्यथा बोल्ट चांगला राहून स्क्रू गंजतात. दुहेरी झडपांच्या दारात न उघडणाऱ्या झडपेला वर आणि खाली, असे दोन बोल्ट लागतात. खालचे भोक जमिनीत असते. त्यात धूळ आणि फरशी पुसल्याचे पाणी साचून दांडी पुरती उतरत नाही. वरवर दार लागल्यासारखे दिसते, पण धक्क्याने उघडते. हे भोक दर आठवड्याला साफ करणे हाच उपाय.

आता एक उदाहरण पाहू. समजा, दौंडमधील पाच वर्षांच्या घरात न्हाणीघराच्या दाराचा बोल्ट पावसाळ्यापासून चौकटीतील भोकात शिरत नाही. भोक मोठे करण्याचा मोह होतो, पण आधी कारण शोधावे. दांडीच्या टोकाला खडू घासून ती चौकटीवर टेकवावी. खूण भोकाच्या खाली, वर की बाजूला उमटते ते दिसते. मग टेपने चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे असून खूण खाली आली, तर झडप ओघळली आहे. वरच्या बिजागरीचे स्क्रू बाहेर काढून त्याच जागी अधिक लांब स्क्रू घातल्यावर बोल्ट पूर्ववत लागतो. कर्णांत फरक असेल, तर चौकटच सरकली आहे. मग भोक फक्त खुणेच्या दिशेने कानसावे, सर्व बाजूंनी नव्हे. अन्यथा दार खडखडते. कायमचे काम मात्र पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मोजल्यावरच काढावे, कारण जमीन आकसल्यावर चौकट काही प्रमाणात परत येऊ शकते.

याच दारासंबंधी एक सावधगिरी. आतून लावलेला टॉवर बोल्ट बाहेरून उघडता येत नाही. वयोवृद्ध माणूस आत घसरला किंवा लहान मुलाने खेळता खेळता बोल्ट लावला, तर दार फोडावे लागते. अशा घरात न्हाणीघराला बाहेरून नाण्याने फिरविता येणारी कडी बसवावी. ते शक्य नसेल तर बोल्ट मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर घ्यावा. वृद्धांनी मात्र तो न लावता दार नुसते लोटून घ्यावे, आणि ते लोटलेले राहावे म्हणून तेथे एक मॅग्नेट बसवावा.