१२. ‘बॅटरीत गाळ साचलाय’
भालकी-औरादकडे वीज गेल्यावर घर चालवणाऱ्या इन्व्हर्टरच्या बॅटरीविषयी हे बोलणे आहे. बॅटरी खोलवर उतरताना धन प्लेटवरच्या लेड डायऑक्साइडचे लेड सल्फेट होते आणि आकारमान जवळजवळ दुप्पट भरते. चार्ज होताना ते पुन्हा आक्रसते. त्यामुळे लेप भुसभुशीत होऊन तळाशी तपकिरी गाळ पडतो. तो प्लेटांच्या कडांना टेकला की सेल शॉर्ट होतो, चार्ज टिकत नाही. मग पाणी घालून उपयोग नसतो. ट्यूब्युलर बॅटरीत शिशाच्या काड्यांभोवतीचा लेप पॉलिएस्टरच्या सच्छिद्र नळ्यांत आवळलेला असतो, म्हणून उशिरा सुटतो. सपाट प्लेटला काचतंतूंची चटई दाबून लावतात. पाकिटासारखा सेपरेटर मुख्यतः शॉर्ट टाळतो.