दोन फासे, एक वही आणि लोहगडाचं भुयार: सोलो जर्नलिंग गेम असा बनवा

रविवारी पुनावळ्याहून लोहगडला जायचं ठरलं होतं आणि पावसाने प्लॅन बुडवला? मग घरीच लुडोचे दोन फासे काढा आणि फोनमधलं नोट्स ॲप उघडा. सोलो जर्नलिंग गेममध्ये तुम्ही एकटेच खेळता. फासे टाकायचे, तक्त्यातला प्रश्न वाचायचा आणि उत्तर डायरीसारखं लिहायचं. या प्रश्नाला प्रॉम्प्ट म्हणतात.

आपलं डंजन म्हणजे लोहगडाच्या नारायण दरवाजाजवळचं भुयार. तिथे पूर्वी भात आणि नाचणी साठवत असत, असं सांगतात. त्याच्या आत आणखी दालनं आहेत, अशी कल्पना करूया.

तक्ता १: दालन (दोन फाशांची बेरीज)
- 2: छत नसलेली खोली
- 3 ते 5: पाण्याचं टाकं
- 6 ते 8: धान्याची कोठी
- 9 ते 11: अरुंद जिना
- 12: आतून बंद केलेलं दार

दोन फाशांच्या 36 जोड्यांपैकी 16 जोड्यांची बेरीज 6 ते 8 येते, तर 2 आणि 12 फक्त एकेका जोडीने येतात. म्हणून साधी जागा मधे ठेवायची आणि विचित्र जागा टोकांना.

तक्ता २: प्रश्न (एक फासा)
1. तुमच्याआधी इथे कोण आलं होतं? कशावरून?
2. कोणता आवाज अचानक थांबतो?
3. इथे काय सोडून जावं लागतं?
4. भिंतीवर ओळखीचं काय दिसतं?
5. वाट कोण अडवतं? त्याला काय हवंय?
6. वर गेल्यावर कुणालाच सांगणार नाही, असं काय दिसलं?

या तक्त्यात नुसतं ‘सांगाडा’ किंवा ‘खजिना’ असं लिहू नका. अशा शब्दांनी डायरीत सामानाची यादी तयार होते, गोष्ट नाही. एखादा प्रश्न आधी येऊन गेला असेल तर त्याच्या पुढचा घ्या.

गोष्ट संपायलाही हवी. त्यासाठी कंदिलात 6 माप तेल धरा. प्रत्येक दालनात 1 माप कमी होतं आणि दोन्ही फाशांवर सारखाच आकडा आला तर 2. म्हणजे खेळ 3 ते 6 दालनांत संपतो.

एक डाव बघूया
3 आणि 4 पडले: कोठी. प्रश्न 3: पाण्याची बाटली सोडली. तेल 5.
2 आणि 2: टाकं. प्रश्न 1: काठावर ओली पावलं. जोडी आली, म्हणून तेल 3.
5 आणि 3: पुन्हा कोठी!

नवशिक्यांचा खेळ इथेच अडतो. दालन परत आलं की फासे पुन्हा टाकू नका. तुम्ही फिरून त्याच जागी आलात असं समजा आणि आधी लिहा, इथे काय बदललंय? आपल्या डावात बाटली रिकामी सापडली. मग ती ओली पावलं कुणाची? आता प्रश्न 5 पडला, तर वाट अडवणारा कोण, हे तुम्हाला आधीच माहीत आहे. तेल 2.

शेवटी 6 आणि 6: बंद दार. प्रश्न 2: आतली खोकल्याची उबळ थांबली. तेल 0.

तेल संपलं की एक फासा टाका. 1-2 आले तर तुम्ही आतच राहिलात, 3-4 आले तर काहीतरी गमावून बाहेर पडलात, 5-6 आले तर कुणाला तरी सोबत घेऊन आलात. हे शेवटचं पान कंदील विझल्यावरचं आहे. त्यात दिसलेलं काही लिहू नका, फक्त ऐकलेलं आणि हाताला लागलेलं लिहा.